ड्रमची नोटेशन: स्नेअर, बेस आणि हाय-हॅट नक्की कुठल्या रेघेवर?

ताल_सातारा

नमस्कार मंडळी. ड्रम शिकायला सुरुवात केली आहे. साधा रॉक बीट हातात बसलाय, ऐकून वाजवता येतो. आता क्लासच्या सरांनी पुस्तकातल्या दोन पानांच्या झेरॉक्स दिल्यात आणि पुढच्या वेळी हे वाचून या म्हणालेत. सर आठवड्यातून एकदाच येतात, म्हणून इथे विचारतोय.

पहिल्या पानावर पाच रेघा आहेत. डावीकडे पियानोच्या पुस्तकात असतो तसा वळणदार क्लेफ नाही, नुसत्या दोन जाड उभ्या दांड्या आहेत. पुढे ४/४. सगळ्यात वरच्या रेघेच्याही वर फुल्यांची रांग आहे, एका बारमध्ये आठ. मधे कुठेतरी काळे ठिपके, तळाशी आणखी काळे ठिपके. तळाच्या ठिपक्यांच्या काड्या खाली लोंबतात आणि त्यांच्या अधेमधे वाकड्या खुणा आहेत.

दुसऱ्या पानावर फुल्या वरच्या रेघेच्या वर नाहीत, रेघेवरच आहेत. रेघ फुलीच्या मधून जाते. शिवाय पाचही रेघांच्या खाली वेगळ्या फुल्या आहेत, बारमध्ये दोनच, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला.

तर हाय-हॅटची जागा नक्की कुठली? वरच्या रेघेच्या वर, रेघेवर, की पार खाली? आणि स्नेअर आणि बेस ड्रम रेघ मोजून कसे ओळखायचे?

---

मडगावकर

रेघा नेहमी खालून मोजायच्या. तळाची पहिली, वरची पाचवी. दोन रेघांमधल्या जागाही खालून, म्हणजे जागा चार.

बेस ड्रम पहिल्या जागेत, पहिल्या आणि दुसऱ्या रेघेच्या मधे. स्नेअर तिसऱ्या जागेत, म्हणजे मधल्या रेघेला टेकून तिच्या वरच्या बाजूला. हाय-हॅट काठीने वाजवायचा तेव्हा पाचव्या रेघेच्या वर, रेघेला टेकून. तुमच्या पहिल्या पानावर हेच आहे, त्यामुळे ते पान सरळ आहे.

त्या दोन जाड दांड्या म्हणजे पर्कशन क्लेफ. तो दिसला की समजायचं, इथे रेघ सूर सांगत नाही, कुठल्या वस्तूवर मारायचं ते सांगते. फुली असेल तर धातू, म्हणजे हाय-हॅट, राइड, क्रॅश. भरीव काळा ठिपका असेल तर कातडं, म्हणजे बेस, स्नेअर, टॉम.

पाठ करायला मी मुलांना एवढंच सांगतो की सेटसमोर बसल्यावर जे जमिनीजवळ आहे ते पानावरही खाली. पायाने वाजतं ते तळात, हाताखालचा स्नेअर मधे, झांजा माथ्यावर. टॉमही याच हिशेबाने. फ्लोअर टॉम दुसऱ्या जागेत, म्हणजे स्नेअरच्या खाली, आणि छोटा टॉम चौथ्या जागेत, स्नेअरच्या वर. क्रॅश तर पाच रेघांत मावतच नाही. त्याला वर एक तुकडा-रेघ काढतात आणि तिच्यावर फुली ठेवतात.

तुमच्या सरांनी आधी कानाने बीट बसवून मग पान दिलं, हे फार चांगलं केलं. हाताला माहीत असलेली गोष्ट कागदावर कशी दिसते, एवढंच आता शिकायचं आहे.

दुसऱ्या पानाबद्दल थोडं विचार करून लिहितो.

---

सुरेखा_कीबोर्ड

मी पियानो शिकवते. यात वेगळं असं काही नाही, ट्रेबल क्लेफचंच आहे सगळं. पहिली जागा एफ, तिसरी जागा सी, पाचव्या रेघेच्या वर जी. म्हणजे बेस एफ, स्नेअर सी, हाय-हॅट जी. एकदा पाठ केलं की कुठलंही पुस्तक उघडा, सगळीकडे सारखंच असतं.

---

ताल_सातारा

ताई, पण माझ्या दोन पानांवरच ते सारखं नाही, म्हणून तर गोंधळ झालाय.

---

निगडीचा_बाबा

सुरेखाताई, तुमच्या मुद्द्यावरून आमच्या घरात झालेला प्रकार सांगतो. मुलाकडे इलेक्ट्रॉनिक ड्रम किट आहे. त्याच्या क्लासचा धडा मी कॉम्प्युटरवर नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवून घेतला, त्याला ऐकून सराव करता यावा म्हणून. जागा अगदी पानावरच्याच ठेवल्या. फाइल ड्रमच्या चॅनलवर वाजवली तर स्नेअरच्या जागी लांब शिट्टी वाजली! बेसच्या जागी टणटणीत उंच आवाज आणि हाय-हॅटच्या जागी कुईं कुईं असं काहीतरी. किट बिघडलं म्हणून दुकानात न्यायच्या तयारीत होतो.

असं का झालं असेल? विषय थोडा वेगळा आहे, क्षमस्व.

---

मडगावकर

विषय अजिबात वेगळा नाही, उलट मुद्दा तुमच्याच उदाहरणाने पटतो. तुम्ही नवीन पान उघडताना ड्रमचा स्टाफ न घेता साधा ट्रेबलचा घेतला असणार. मग तिसऱ्या जागेतला ठिपका सॉफ्टवेअरने सुरेखाताईंसारखाच वाचला: सी. त्या सीचा मिडी क्रमांक ७२. तोच क्रमांक ड्रमच्या चॅनलवर, म्हणजे १० नंबरच्या चॅनलवर गेला की जनरल मिडीच्या यादीप्रमाणे लांब शिट्टी वाजते. पहिल्या जागेतला एफ म्हणजे ६५, तिथे यादीत उंच टिंबाली आहे. वरचा जी म्हणजे ७९, तिथे कुइका नावाचं ब्राझीलचं वाद्य आहे. तुमचं कुईं कुईं ते हेच.

खऱ्या बेस ड्रमचा क्रमांक ३६, स्नेअरचा ३८, बंद हाय-हॅटचा ४२. ड्रमसाठी बनवलेला स्टाफ निवडला की सॉफ्टवेअर तिसऱ्या जागेतला ठिपका पाहून ३८ पाठवतं, ७२ नाही. फाइल नव्याने लिहावी लागू नये, पण स्टाफ बदलल्यावर प्रत्येक ठिपका एकदा ऐकून तपासा.

सुरेखाताई, ज्याला पियानो येतो त्याला एफ, सी, जी ही खूणगाठ उपयोगी आहे, मीही कीबोर्डवाल्यांना तशीच सांगतो. फक्त ते जागेचं नाव आहे, सूर नाही. आणि सगळीकडे सारखं असतं हे मात्र खरं नाही. अमेरिकेत पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीने १९९८ मध्ये नॉर्मन वाइनबर्ग यांची मार्गदर्शिका छापली ती याचसाठी. तोवर प्रत्येक प्रकाशक आपापल्या सोयीने झांजा ठेवत होता. बेस आणि स्नेअरच्या जागा पुष्कळ ठिकाणी जुळतात, झांजांच्या जागा मात्र आजही हलतात. म्हणून चांगल्या पुस्तकाच्या सुरुवातीला एक किल्ली छापलेली असते: अमुक जागा म्हणजे अमुक वस्तू. ताल_सातारा, तुमची झेरॉक्स मधल्या पानांची आहे, त्यामुळे किल्ली मागेच राहिली.

---

सुरेखा_कीबोर्ड

बरोबर. माझ्याकडे परीक्षेची जी पुस्तकं येतात ती सगळी एकाच मंडळाची, त्यामुळे मला एकच पद्धत दिसली. शिट्टीचं उदाहरण वर्गात सांगणार आहे.

---

ढोलपथक_नाशिक

आमच्या पथकात ताशाचे हात वहीत शब्दांत लिहून ठेवतो. तुम्ही लोक एवढ्या रेघा कशाला काढता? तबल्याला भातखंडे पद्धत आहेच की. मात्रा पाडा, खाली बोल लिहा, झालं. ताशालाही तेच चालतं.

---

मडगावकर

ताशाला चालेलच. एकच वाद्य असेल तेव्हा पाच रेघा लागतही नाहीत. पाश्चात्त्य पद्धतीतही एकट्या वाद्याला एकाच रेघेवर लिहितात. ड्रमसेटची अडचण वेगळी आहे. दोन हात आणि दोन पाय चार वेगळ्या वस्तूंवर, कधी एकाच क्षणी तर कधी मागेपुढे. तबल्यात धा म्हटलं की ना आणि गे एकदम आले, दोन हातांचं काम एका अक्षरात मावलं. इथे तशी अक्षरं नाहीत, म्हणून एकदम वाजणाऱ्या गोष्टी एकाखाली एक ठेवतात. वाचताना डावीकडून उजवीकडे वेळ आणि वरून खाली एकाच क्षणाला काय काय वाजतं ते.

---

मडगावकर

आता दुसरं पान.

पाच रेघांच्या खाली लोंबणारी फुली म्हणजे हाय-हॅटच, पण पायाने. डाव्या पायाने पेडल दाबून दोन्ही झांजा मिटवायच्या, तो "चिक्" आवाज. म्हणजे हाय-हॅटला दोन जागा आहेतच: काठीने वाजला तर माथ्यावर, पायाने वाजला तर तळाखाली. वस्तू एकच, अवयव वेगळा.

यावरूनच वरच्या रेघेवरच्या फुल्या कुणाच्या ते काढता येतं. हाय-हॅट बंद ठेवून काठीने सलग वाजवताना डावा पाय पेडलवर दाबलेलाच असतो. दाबलेल्या पायाने दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला पुन्हा "चिक्" कसा करणार? झांजा आधी उघड्या असतील तरच मिटवता येतात. म्हणजे त्या पानावर उजवा हात हाय-हॅटवर नाही, दुसरीकडे कुठेतरी आहे आणि डावा पाय मोकळा आहे. उजवा हात राइडवर, डाव्या पायाने दोन आणि चारला हाय-हॅट, ही अगदी रोजची रचना. वाइनबर्ग यांच्या पद्धतीतही पाचवी रेघ राइडचीच आहे.

माझं मत: पाचव्या रेघेवरच्या तुमच्या फुल्या राइडच्या.

---

सेशन_पुणे

मडगावकर सर, तर्क आवडला, पण एक फट राहते. काही प्रकाशक हाय-हॅट पाचव्या रेघेवरच लिहितात, अशी पुस्तकं माझ्याकडे आहेत. आणि उजवा हात हाय-हॅटवर असतानाही पायाने मिटवणं शक्य आहे. आधीचा ठोका उघडा वाजवला आणि मात्रेवर पायाने बंद केला, तर खाली फुली येऊ शकते. ताल_सातारा, वरच्या फुल्यांच्या डोक्यावर कुठे बारीक गोल दिसतो का? गोल म्हणजे उघडा हाय-हॅट, अधिकचं चिन्ह म्हणजे बंद. एकही गोल नसेल तर सरांचं बरोबर. एकाआड एक गोल असतील तर माझं.

---

ताल_सातारा

भिंग घेऊन पाहिलं. दुसऱ्या पानावर एकही गोल नाही. पहिल्या पानावर मात्र आहे, चौथ्या बारच्या शेवटच्या फुलीवर एक गोल, आणि पाचव्या बारच्या पहिल्या फुलीवर अधिकचं चिन्ह.

---

सेशन_पुणे

मग दुसरं पान राइडचंच. पहिल्या पानावरचं असं वाजवायचं: चौथ्या बारमध्ये "चार-आणि"च्या "आणि"ला पाय सैल सोडून काठी मारा, झांज सुस्कारत राहील. पुढच्या बारच्या "एक"ला पाय दाबून बंद. नवशिके दोन ठिकाणी चुकतात. एक तर पाय उशिरा सोडतात, मग आवाज उघडतच नाही. नाहीतर "एक"ला बंद करायला विसरतात आणि सुस्कारा पुढच्या दोन-तीन ठोक्यांवर सांडतो. मोबाइलवर रेकॉर्ड करा. "एक"ला आवाज कात्रीने कापल्यासारखा थांबला तर बरोबर.

---

ताल_सातारा

दोघांचे खूप आभार. आता खरी अडकलेली जागा. पहिल्या पानावरचे पहिले दोन बार वाचता आले: आठ फुल्या, दोन आणि चारला स्नेअर, एक आणि तीनला बेस. तिसऱ्या बारमध्ये वरचं सगळं तसंच आहे, पण तळात असं आहे: एक ठिपका, मग सातच्या आकड्यासारखी खूण, मग शेपटीवाला ठिपका, मग साधा ठिपका, मग वाकडीतिकडी उभी खूण. सातच्या खुणेपाशी सगळंच थांबवायचं का? तिथे वर तर स्नेअर आहे.

---

मडगावकर

नाही, काहीच थांबवायचं नाही. इथे दोन आवाज वेगळे लिहिलेत. काड्या वर असलेलं सगळं हातांचं, काड्या खाली असलेलं पायांचं. हातांचा हिशेब वेगळा, पायांचा वेगळा, आणि प्रत्येकाने आपापल्या चार मात्रा पुऱ्या भरायच्या. सातसारखी खूण अर्ध्या मात्रेची विश्रांती, वाकडी उभी खूण एका मात्रेची. दोन्ही खाली लिहिल्यात म्हणजे विश्रांती फक्त उजव्या पायाला आहे.

आता तुमचा तिसरा बार पायाच्या बाजूने मोजू. पहिला ठिपका एका मात्रेचा, तो "एक"वर. मग अर्ध्या मात्रेची विश्रांती, म्हणजे "दोन" गेला, पाय गप्प. वर त्याच वेळी स्नेअर आहे तो हाताने वाजेल. शेपटीवाला ठिपका अर्ध्या मात्रेचा, तो "दोन"नंतरच्या "आणि"वर. साधा ठिपका "तीन"वर. शेवटची एक मात्रा विश्रांती, "चार"ला पाय गप्प. बेरीज करा: एक, अर्धा, अर्धा, एक, एक. चार झाले. बेरीज चार आली नाही तर समजायचं की एखादी खूण चुकीची वाचली. पुढे कुठल्याही बारला हीच पडताळणी करा.

दुसरी पडताळणी डोळ्यांची. कोरा कागद घ्या आणि त्याची उभी कड त्या शेपटीवाल्या ठिपक्याला लावा. कड सरळ वर जाऊन कुठल्या फुलीला लागते? चौथ्या फुलीला लागायला हवी, म्हणजे "दोन-आणि". स्नेअर तिसऱ्या फुलीखाली आहे. म्हणजे स्नेअर वाजला की लगेच पुढच्या फुलीबरोबर बेस आणि त्याच्या पुढच्या फुलीबरोबर पुन्हा बेस. स्नेअर, बेस, बेस, हे तीन सलग फुल्यांवर. ही तीन जागा हाताला सापडली की बार सुटला.

---

टॅबप्रेमी

एवढा खटाटोप कशाला? तोच बार टॅबमध्ये बघा:

```
    1 + 2 + 3 + 4 +
HH |x-x-x-x-x-x-x-x-|
SD |----o-------o---|
BD |o-----o-o-------|
```

वरची ओळ हाय-हॅट, मधली स्नेअर, खालची बेस. विश्रांतीच्या खुणा नाहीत, काड्या नाहीत. मी गेली काही वर्षं गावातल्या ऑर्केस्ट्रात वाजवतोय, सगळं टॅबवरून बसवलं. नोटेशनवाचून माझं काही अडलं नाही.

---

ताल_सातारा

अरे वा! कागदाची कड लावून बघितलं, चौथी फुलीच आली. आणि टॅबमध्ये तर ते लख्ख दिसतंय.

---

सेशन_पुणे

टॅबप्रेमी, साध्या बीटला टॅब छान आहे, आणि तुम्ही मांडलेला बार अचूक आहे. पण टॅब उभ्या ओळी जुळण्यावर जगतो. फोनवर अक्षरांची रुंदी बदलली की एक चिन्ह सरकतं आणि बेस भलत्याच फुलीखाली जातो. वाचणाऱ्याला ते कळतही नाही, कारण बेरीज करून तपासायला मात्रांची मूल्यं लिहिलेलीच नसतात. दुसरं म्हणजे ट्रिपलेट आलं की सोळा खणांची चौकट मोडते, नवी आखावी लागते. स्टुडिओत किंवा नाटकाच्या खड्ड्यात कुणी टॅब हातात देत नाही, हे आणखी एक.

---

टॅबप्रेमी

स्टुडिओत जायचंच नाही ज्याला, त्याचं काय? मला तरी नवशिक्याने आधी टॅबवर वर्षभर वाजवावं असं वाटतं. नोटेशनच्या धास्तीने सोडून गेलेली मुलं पाहिली आहेत.

---

मडगावकर

या बाबतीत माझा कल टॅबप्रेमींच्या विरुद्ध आहे, पण त्यांची काळजी खरी आहे. आमच्याकडे गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलं लहानपणी स्टाफ वाचायला शिकायची. मुंबईच्या सिनेसंगीतात गोव्याचे इतके वादक गेले, त्यामागे हे वाचन होतं. माझे गुरू त्यांपैकीच एक. ते ड्रमचं पान द्यायचे तेव्हा पहिल्या आठवड्यात काठ्या हातात घेऊ देत नसत. टेबलावर पान ठेवायचं, तोंडाने "एक-आणि-दोन-आणि" म्हणायचं आणि बोट फुल्यांवरून सरकवायचं. स्नेअर आला की टाळी, बेस आला की पाय आपटायचा. चार अवयवांचा गुंता सुटायच्या आधी डोळ्यांना जागा पाठ होतात. ताल_सातारा, तुम्हीही तिसरा बार असाच करून बघा, अगदी सावकाश.

---

डावखुरा_मिलिंद

माझं थोडं वेगळं. मी डावखुरा, सेट उलटा लावतो, हाय-हॅट उजवीकडे. माझ्यासाठी पान उलटं लिहून घ्यावं लागेल का? क्लासमध्ये मला कुणी नीट सांगत नाही.

---

सेशन_पुणे

काही बदलायला नको. पान वस्तू सांगतं, बाजू सांगत नाही. तिसऱ्या जागेतला ठिपका म्हणजे स्नेअर, तो कुठल्या हाताने वाजवायचा हे त्यात नाही. हात सांगायचा असेल तेव्हा ठिपक्यांखाली आर आणि एल अशी अक्षरं छापतात. तुम्ही फक्त ती अक्षरं उलटी वाचायची, आरच्या जागी डावा, एलच्या जागी उजवा. ज्या पानावर अक्षरं नाहीत ते पान तुमचं आणि माझं एकच.

---

डावखुरा_मिलिंद

मोठं ओझं उतरलं. धन्यवाद दादा.

---

सेशन_पुणे

मडगावकर सर, एका गोष्टीवर मात्र माझं तुमच्याशी जुळत नाही. हातांच्या काड्या वर आणि पायांच्या खाली, ही पद्धत शिकायला चांगली. पण प्रत्यक्ष कामात मला सगळ्या काड्या वर असलेलं पान आवडतं. त्याच तिसऱ्या बारमध्ये "दोन-आणि"ला एकाच काडीवर वर फुली आणि तळात ठिपका येतो. पायाच्या विश्रांतीच्या खुणा लागतच नाहीत, कारण फुल्या सलग चालू आहेत. पान अर्ध्याने मोकळं होतं. पहिल्यांदाच समोर आलेलं वाचायचं असतं तेव्हा मला नजरेने उभे गठ्ठे टिपायचे असतात, दोन वेगळे हिशेब नाही.

---

मडगावकर

मोकळं होतं हे मान्य. पण बेसचीच चाल गाण्याला धरून असते, बेस गिटारबरोबर ती जुळवायची असते. पायांच्या काड्या खाली असल्या की ती चाल एका नजरेत वेगळी वाचता येते: "एक, दोन-आणि, तीन". सगळं एका काडीला टांगलं की ती गर्दीत हरवते. शिवाय हाय-हॅटची रांग तुटली, समजा फुल्या चारच झाल्या, तर एका काडीच्या पद्धतीत शेपट्यांची जुळणी बदलते आणि बेस "आणि"वर आहे की मात्रेवर, हे नवशिक्याला लवकर दिसत नाही.

---

सेशन_पुणे

फुल्या चार असताना तुमचं म्हणणं पटतं. सोळाव्या भागाची गर्दी असते तेव्हा मी माझ्याच बाजूने राहीन.

---

सुरेखा_कीबोर्ड

पियानोत दोन हात दोन स्टाफवर वेगळे वाचायची सवय असल्यामुळे मला मडगावकर सरांची पद्धत लगेच कळली. एका काडीवरचं पान पाहिल्यावर मी तो कॉर्ड समजून बसले असते.

---

निगडीचा_बाबा

स्टाफ ड्रमचा निवडला. शिट्टी गेली, स्नेअर आला. पण पायाच्या हाय-हॅटची फुली तळाखाली टाकली तरी काठीने मारल्यासारखाच आवाज येतोय, "चिक्" येत नाही.

---

मडगावकर

तिथे क्रमांक ४२ जात असणार. पायाच्या हाय-हॅटचा क्रमांक ४४, उघड्याचा ४६. सॉफ्टवेअरमध्ये ड्रमसेटची यादी उघडता येते. त्यात तळाखालच्या फुलीसमोर ४४ आहे का पाहा. नुसती फुली खाली ओढली असेल तर कधीकधी जागा बदलते आणि क्रमांक जुनाच राहतो. ती खोडून यादीतून पायाचा हाय-हॅट निवडून नव्याने टाका.

---

ताल_सातारा

सरांना फोन लागला. त्यांनी पुस्तकाच्या पहिल्या पानावरची किल्ली फोटो काढून पाठवली. पाचव्या रेघेवर राइड, रेघेच्या वर हाय-हॅट, तळाखाली पायाचा हाय-हॅट. मडगावकर सर, तुमचा तर्क जुळला. तिसरा बार टाळी आणि पायाने जमला, आता सेटवर सावकाश जमतोय. स्नेअरनंतरचे दोन बेस सलग आले की हाय-हॅटचा हात मधेच अडखळतो, तेवढं राहिलंय.

एक नवीन दिसलं. दुसऱ्या पानाच्या शेवटच्या ओळीत तिसऱ्या जागेत, म्हणजे स्नेअरच्या जागेत, ठिपक्याऐवजी फुली आहे. फुली म्हणजे धातू ना? मग स्नेअरच्या जागेत धातू कुठला? किल्लीत ते नाही.

---

मडगावकर

चांगलं टिपलंत. जागा स्नेअरचीच, पण मारायची रीत वेगळी: क्रॉस-स्टिक. काठीचं टोक कातड्यावर टेकवून ठेवायचं, तळहात त्यावर, आणि काठीचा दांडा कडीवर आपटायचा. लाकडाच्या ठोकळ्यासारखा "टक्" येतो. म्हणजे फुली बहुतेक वेळा धातू सांगते, पण तिचं मूळ काम "नेहमीसारखा ठोका नाही" एवढं सांगणं आहे. वस्तू कुठली ते आधी जागेवरून ठरवा, मग डोकं बघा. संथ गाण्यांत राइडबरोबर क्रॉस-स्टिक पुष्कळदा येते, त्यामुळे तुमच्या पानावर ती असणं पटण्यासारखं आहे.

हात अडखळतो त्याला: बेस सोडून फक्त फुल्या आणि स्नेअर चालू ठेवा, मग फक्त "दोन-आणि"चा बेस घाला, "तीन"चा नको. तो बसला की "तीन"चा परत आणा.

---

सेशन_पुणे

क्रॉस-स्टिकच असावी, पण खात्री सरांकडून करून घ्या. माझ्याकडच्या एका पुस्तकात क्रॉस-स्टिकला फुलीभोवती गोल काढलाय, आणि तिथे स्नेअरच्या जागेतली नुसती फुली कडीवरच्या रिम-क्लिकऐवजी काठीवर काठी मारायला वापरली आहे. तुमच्या पानावर त्या फुलीजवळ काही अक्षरं किंवा गोल आहे का?

---

ताल_सातारा

गोल नाही. बाजूला बारीक अक्षरं आहेत, पण झेरॉक्समध्ये पुसट झालीत. रविवारी क्लासला मूळ पुस्तक बघून इथे लिहितो.